दिवाणखान्याच्या छायाचित्रात फ्रेम बसवताना कोन, जाडी आणि सावली भिंतीवरच मोजावी

रिकाम्या भिंतीच्या छायाचित्रावर एखादे फ्रेम केलेले चित्र ठेवून ते तिथे खरोखर टांगलेले असल्यासारखे दाखवायचे असेल, तर बहुतेक नवशिके चित्र छायाचित्रावर आणून त्याचे कोपरे नजरेच्या अंदाजाने ओढतात आणि शेवटी त्याला एक तयार सावली जोडतात. असे चित्र भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखे दिसते, कारण कोन, जाडी आणि सावली या तीनही गोष्टी वेगवेगळ्या अंदाजांवर उभ्या असतात आणि ते अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. या लेखातील पद्धत वेगळी आहे. आधी भिंतीचा एक सपाट, सेंटीमीटरच्या मापाचा आराखडा तयार करायचा, फ्रेमची जाडी आणि सावली त्या आराखड्यावरच मोजून काढायची, आणि मग तो आराखडा एकदाच छायाचित्रातील भिंतीवर ताणून बसवायचा. पुढील उदाहरण फोटोशॉपमधील नावांनी दिले आहे, परंतु त्यामागचे मोजमाप कोणत्याही साधनात तेच राहते.

छायाचित्र घेताना

खोलीचे छायाचित्र स्वतः घेता येत असेल, तर निम्मे काम तिथेच होते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा आणि दोन छायाचित्रे घ्यावीत. पहिल्या छायाचित्रापूर्वी भिंतीवर मास्किंग टेपच्या चार छोट्या तुकड्यांनी एका मोठ्या आयताचे चार कोपरे दाखवावेत. आपल्या उदाहरणात हा आयत २०० सेंटीमीटर रुंद आणि १२० सेंटीमीटर उंच आहे. आयताच्या आत, जिथे फ्रेम येणार नाही अशा ठिकाणी, ए४ आकाराचा एक कोरा पांढरा कागद चिकटवावा. त्याची २१ गुणिले २९.७ सेंटीमीटर ही मापे ठाऊक असल्याने पुढे पडताळणी करता येते आणि त्याच्या पांढऱ्या रंगावरून प्रकाशाचा रंगही कळतो. मग ट्रायपॉडला धक्का न लावता टेप व कागद काढून दुसरे छायाचित्र घ्यावे. दोन्ही वेळा एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ठरावीक ठेवावेत, अन्यथा रंगांची तुलना निरुपयोगी ठरते.

याच वेळी आणखी काही मापे लिहून ठेवावीत. आपल्या उदाहरणात कॅमेरा भिंतीपासून काटकोनात मोजल्यास ३०० सेंटीमीटरवर, डाव्या भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर आणि जमिनीपासून १४० सेंटीमीटर उंचीवर आहे. डाव्या भिंतीला एक खिडकी आहे. ती आपल्या भिंतीपासून १०० सेंटीमीटरवर सुरू होते, २२० सेंटीमीटरवर संपते आणि तिचा मध्य जमिनीपासून १५० सेंटीमीटर उंचीवर आहे. टेपचा आयत डाव्या कोपऱ्यापासून १४० सेंटीमीटरवर सुरू होतो आणि जमिनीपासून ९० ते २१० सेंटीमीटर उंचीत आहे.

छायाचित्र दुसऱ्या कोणी पाठवले असेल, तर माप घेण्यासाठी त्याच भिंतीला टेकलेली वस्तू शोधावी, उदाहरणार्थ स्विचबोर्ड, दाराची चौकट किंवा भिंतीवरचे घड्याळ, आणि तिचे माप विचारून घ्यावे. सोफ्याच्या रुंदीवरून चित्राचे माप काढणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. सोफा भिंतीच्या पुढे असतो, त्यामुळे तो कॅमेऱ्याला जवळ पडतो आणि मोठा दिसतो. कॅमेरा ३५० सेंटीमीटरवर आणि सोफ्याची पुढची कड भिंतीपासून ९० सेंटीमीटर पुढे असेल, तर त्या कडेवरचे सेंटीमीटर भिंतीवरच्या सेंटीमीटरपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी मोठे दिसतात, आणि तेवढ्याच प्रमाणात आपले चित्र खऱ्यापेक्षा मोठे होते. ग्राहक ते पाहून चित्र विकत घेणार असेल, तर हा दोष केवळ दिसण्यापुरता उरत नाही.

भिंतीचा आराखडा

प्रथम छायाचित्रातील भिंगाचा दोष काढावा. मोबाइलच्या किंवा रुंद कोनाच्या भिंगामुळे सरळ रेषा किंचित बाहेर फुगतात, आणि चार कोपऱ्यांवरून ताणलेला आयत अशा फुगीर रेषांशी कधीच जुळत नाही. Camera Raw मध्ये `Use Profile Corrections` निवडावे किंवा `Lens Correction` वापरावे. छताची कड, दाराची उभी बाजू अशा रेषांवर पट्टीसारखी सरळ रेषा ठेवून त्या वाकलेल्या नाहीत ना हे पाहावे. दोन्ही छायाचित्रांवर नेमकी तीच दुरुस्ती करावी आणि मग ती एकाच फाइलमध्ये, एकावर एक, दोन थर म्हणून ठेवावीत.

आता ४००० गुणिले २४०० पिक्सेलची एक नवीन, पारदर्शक फाइल तयार करावी. ही टेपच्या आयताची प्रतिकृती असून तिच्यातील २० पिक्सेल म्हणजे भिंतीवरचा एक सेंटीमीटर. तिच्यात तात्पुरती चौकटींची जाळी काढावी आणि फाइल जतन करून `Place Embedded` ने टेप असलेल्या छायाचित्रावर आणावी. ती Smart Object म्हणून, म्हणजे आतला मजकूर पुढेही उघडून बदलता येतो असा थर म्हणून येते. `Ctrl+T` दाबून, उजव्या क्लिकने `Distort` निवडून तिचे चार कोपरे टेपच्या चार खुणांवर नेमके बसवावेत. हे करताना छायाचित्र शंभर टक्के किंवा त्याहून मोठे करून पाहावे, कारण कोपऱ्यावरची लहान चूक मधल्या भागातही पसरते.

पुढे जाण्यापूर्वी ए४ कागदाची परीक्षा घ्यावी. Smart Object उघडून कागदाच्या जागी ४२० गुणिले ५९४ पिक्सेलचा आयत काढावा आणि जतन करावा. छायाचित्रात तो कागदावर चारही कडांनी बसला पाहिजे. कागदाची एक बाजू जुळते आणि दुसरी सुटते असे दिसल्यास एखादा कोपरा चुकला आहे किंवा भिंगाचा फुगवटा शिल्लक आहे. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय फ्रेमला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढचे प्रत्येक माप याच आराखड्यावर विसंबून आहे.

फ्रेमची जाडी

समजा, आपली फ्रेम ९० सेंटीमीटर रुंद, ६० सेंटीमीटर उंच आणि ३ सेंटीमीटर जाड आहे. तिची डावी कड खोलीच्या डाव्या कोपऱ्यापासून १८० सेंटीमीटरवर आणि खालची कड जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर हवी आहे. आराखड्यात तिची भिंतीला टेकणारी मागची बाजू आडवी ८०० ते २६०० पिक्सेल आणि उभी, वरून मोजल्यास, ६०० ते १८०० पिक्सेल अशी येते. अनेक जण फ्रेमचा पुढचा चेहराच या जागेवर ठेवतात. प्रत्यक्षात चेहरा भिंतीपासून ३ सेंटीमीटर पुढे असतो, त्यामुळे कॅमेऱ्यातून तो भिंतीच्या या भागावर दिसत नाही, थोडा सरकलेला दिसतो.

किती सरकलेला, हे काढण्यासाठी भिंतीवरचा एक बिंदू माहीत असावा लागतो. कॅमेऱ्यापासून भिंतीवर सरळ काटकोनात रेषा नेली तर ती जिथे टेकते, त्याला आपण सन्मुख बिंदू म्हणू. आपल्या उदाहरणात तो डाव्या कोपऱ्यापासून ६० सेंटीमीटरवर आणि १४० सेंटीमीटर उंचीवर आहे. कॅमेरा कोणत्या दिशेला वळवलेला होता याचा या बिंदूशी संबंध नाही. कॅमेरा कुठे उभा होता एवढेच महत्त्वाचे. मापे हाती नसतील, तर भिंतीच्या दिशेने जाणाऱ्या फरशीच्या रेषा आणि बाजूच्या भिंतीची छताजवळची कड छायाचित्रात पुढे वाढवावी. त्या जिथे एकत्र येतात, तोच सन्मुख बिंदू असतो.

भिंतीच्या पुढे असलेली प्रत्येक गोष्ट या बिंदूपासून दूर सरकलेली दिसते. सरकण्याचे माप काढणे सोपे आहे. बिंदूपासूनचे अंतर घ्यावे, त्याला जाडीने गुणावे आणि कॅमेऱ्याच्या अंतरातून जाडी वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. आपली डावी कड बिंदूपासून १२० सेंटीमीटरवर आहे, म्हणून १२० गुणिले ३ भागिले २९७, म्हणजे सुमारे १.२ सेंटीमीटर. उजवी कड २१० सेंटीमीटरवर असल्यामुळे ती सुमारे २.१ सेंटीमीटर सरकते. वरची कड बिंदूच्या ४० सेंटीमीटर वर आहे, तिचे सरकणे ०.४ सेंटीमीटर; खालची २० सेंटीमीटर खाली आहे, तिचे ०.२ सेंटीमीटर. पिक्सेलमध्ये ही मापे अनुक्रमे २४, ४२, ८ आणि ४ होतात, आणि आराखड्यातील जागा पुढीलप्रमाणे ठरतात.

```
मागची बाजू : x 800 – 2600, y 600 – 1800
चेहरा       : x 824 – 2642, y 592 – 1804
डावी बाजू   : (800,600) (824,592) (824,1804) (800,1800)
```

तिसऱ्या ओळीतील चिंचोळा चौकोन म्हणजे फ्रेमची डावी बाजू, आणि कॅमेऱ्यातून तिची हीच एक बाहेरची बाजू दिसते. कॅमेरा डावीकडे असताना नवशिके पुष्कळदा उजवीकडे जाडी दाखवतात, कारण सावली तिकडे पडलेली असते आणि जाडी व सावली एकाच बाजूला असावीत असे वाटते. वस्तुतः जाडी कॅमेऱ्याच्या बाजूला दिसते आणि सावली प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला पडते. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. फ्रेमची वरची कड सन्मुख बिंदूच्या वर आणि खालची त्याच्या खाली असल्याने तिचा माथा किंवा तळ दिसत नाही. हीच फ्रेम उंच टांगून पूर्णपणे कॅमेऱ्याच्या उंचीच्या वर नेली असती, तर तळाची एक बारीक पट्टी दिसली असती.

चौकटीच्या आत हाच नियम उलट बाजूने दिसतो. चित्र फ्रेमच्या चेहऱ्यापेक्षा एखादा सेंटीमीटर मागे बसलेले असते, म्हणून डाव्या पट्टीची आतली कड चित्राचा थोडा भाग झाकते आणि उजव्या पट्टीची आतली जाडी उघडी पडते. आपल्या मापांत ही उघडी पट्टी सुमारे १४ पिक्सेल रुंद येते. खिडकी डावीकडे असल्यामुळे डावीकडे तोंड असलेल्या दोन्ही पृष्ठभागांवर, म्हणजे फ्रेमच्या डाव्या बाहेरच्या बाजूवर आणि उजव्या पट्टीच्या आतल्या जाडीवर, थेट प्रकाश येतो. त्यामुळे ते चेहऱ्यापेक्षा उजळ रंगवावेत.

सावली

सावली भिंतीवर पडते, फ्रेमच्या चेहऱ्यावर नाही. म्हणून ती भिंतीच्याच आराखड्यात, मागच्या बाजूच्या आयतावरून तयार व्हायला हवी. फोटोशॉपमधील `Drop Shadow` ताणलेल्या थरावर बाहेरून लावला, तर तो पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये सरसकट एकच अंतर ठेवतो. भिंत दूर जाते तशी सावली आखडत नाही, आणि ती चेहऱ्याच्या कडेपासून मोजली जाते. त्याऐवजी आराखड्याच्या थरावर उजवा क्लिक करून `New Smart Object via Copy` निवडावे. नवीन प्रत त्याच चार कोपऱ्यांवर बसलेली राहते, पण तिच्या आतील मजकूर स्वतंत्र असतो. खालची प्रत सावलीसाठी `Multiply` ब्लेंड मोडवर ठेवावी आणि वरची फ्रेमसाठी `Normal` वर. दोन्हींतील जाळी आणि ए४ च्या परीक्षेचा आयत आता लपवून टाकावेत.

खिडकी हा मोठा प्रकाशस्रोत आहे, त्यामुळे सावलीला एक धारदार कड नसते. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे खिडकीच्या दोन टोकांवरून ठरते. फ्रेमची उजवी कड डाव्या भिंतीपासून २७० सेंटीमीटरवर आहे. खिडकीच्या लांबच्या, म्हणजे २२० सेंटीमीटरवरच्या टोकाकडून येणारा प्रकाश ३ सेंटीमीटर जाडीची सावली साधारण ३.७ सेंटीमीटर लांब पाडतो, कारण ३ गुणिले २७० भागिले २१७ एवढे ते माप येते. १०० सेंटीमीटरवरच्या जवळच्या टोकाचा प्रकाश अधिक तिरपा असल्याने तो सुमारे ८.३ सेंटीमीटर लांब सावली पाडतो. याचा अर्थ पहिल्या ३.७ सेंटीमीटरमध्ये खिडकी पूर्ण झाकलेली असते, तिथे सावली सर्वांत गडद राहते, आणि पुढे ८.३ सेंटीमीटरपर्यंत ती हळूहळू विरते.

आराखड्यात हे करण्यासाठी मागच्या बाजूच्या मापाचा आयत घेऊन तो उजवीकडे ६ सेंटीमीटर, म्हणजे १२० पिक्सेल सरकवावा; हे अंतर गडद आणि विरत्या टोकांच्या मध्यावर आहे. विरण्याचा पट्टा ४.६ सेंटीमीटर, म्हणजे ९२ पिक्सेलचा असल्याने `Gaussian Blur` ची त्रिज्या २८ ते ३० पिक्सेल ठेवली की तो जवळपास तेवढाच येतो. खिडकीचा मध्य आणि फ्रेमचा मध्य एकाच उंचीवर असल्याने सावली वर किंवा खाली सरकवायची गरज नाही. खिडकी उंच असती, तर तिला त्याच हिशेबाने खालीही न्यावे लागले असते.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी छायाचित्र खरे वाटण्यात मोठा वाटा उचलते. उजवीकडे फ्रेमचा चेहरा भिंतीवर २.१ सेंटीमीटर पुढे आलेला दिसतो आणि सावलीचा तेवढा भाग त्याच्या मागे लपतो. त्यामुळे गडद भाग जेमतेम दीड सेंटीमीटर दिसतो आणि त्यानंतर लांब, मऊ विरणारा भाग. अंदाजाने काढलेल्या सावल्यांमध्ये गडद पट्टा नेहमी यापेक्षा रुंद असतो आणि फ्रेम भिंतीपासून सुटून तरंगत असल्यासारखी वाटते. याशिवाय फ्रेम भिंतीला जिथे टेकते तिथे एक अगदी बारीक काळसर रेघ हवी. न सरकवलेल्या आयताला ४ ते ६ पिक्सेलचा ब्लर देऊन आणि त्याची अपारदर्शकता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवून ती मिळते.

सावलीचा रंग काळा धरू नये. त्याच भिंतीवरच्या घड्याळासारख्या, साधारण तितक्याच जाडीच्या वस्तूच्या सावलीचा सर्वांत गडद भाग `Eyedropper` ने मोजावा आणि शेजारच्या उजेडातल्या भिंतीचा रंगही मोजावा. समजा, भिंत २१४, २०६, १९२ आहे आणि सावली १५०, १४७, १४३. प्रत्येक जोडीत सावलीच्या अंकाला भिंतीच्या अंकाने भागून २५५ ने गुणल्यास १७९, १८२, १९० हा रंग मिळतो. मुख्य सावलीचा आयत या रंगाने भरून थर `Multiply` वर शंभर टक्के ठेवला, की भिंतीवर नेमकी १५०, १४७, १४३ ही छटा उमटते. या उदाहरणात सावली भिंतीपेक्षा थोडी निळसर निघाली. उबदार रंगाच्या खोलीत ती तांबूस निघू शकते, म्हणून अंक दर वेळी त्याच छायाचित्रातून घ्यावेत.

चौकटीच्या आतही एक सावली असते आणि ती प्रकाशाच्याच बाजूला पडते. डावी पट्टी खिडकीचा प्रकाश अडवते, त्यामुळे चित्राच्या डाव्या कडेवर, एक सेंटीमीटर खोलीसाठी, साधारण दीड सेंटीमीटरपर्यंत विरत जाणारी सावली दिसते. बाहेरची सावली उजवीकडे आणि आतली डावीकडे, असेच ते असायला हवे.

चित्राचा उजेड

स्कॅन केलेल्या चित्रातील पांढरा २५५ असतो, खोलीतला पांढरा तसा नसतो. ए४ कागदाचा रंग मोजावा. तो २३२, २२५, २१२ आला, तर त्याच रंगाचा एक थर चित्रावर `Multiply` ने ठेवावा, म्हणजे चित्रातील पांढरा खोलीतल्या कागदाइतकाच दिसू लागतो. खिडकीपासून दूर जाताना भिंत मंद होत जाते, तशी फ्रेमही व्हायला हवी. फ्रेमच्या डाव्या व उजव्या कडेलगतची भिंत, सावलीच्या बाहेर, मोजून त्यांच्या प्रमाणात डावीकडून उजवीकडे जाणारा हलका ग्रेडियंट द्यावा. चित्र छायाचित्रापेक्षा धारदार दिसत असेल, तर अर्ध्या पिक्सेलच्या आसपास ब्लर आणि भिंतीवर दिसतो तितकाच नॉइज पुरेसा असतो.

आता टेप असलेला थर लपवून सावली व फ्रेमच्या थरांखाली स्वच्छ छायाचित्र दिसू द्यावे. काचेचे प्रतिबिंब यात धरलेले नाही; काच असलेल्या फ्रेमसाठी समोरच्या भिंतीचे छायाचित्र लागते. तसेच दोरीवर टांगलेली फ्रेम वरच्या बाजूने भिंतीपासून किंचित पुढे झुकते, आणि तिची सावली वर रुंद व खाली अरुंद होते. असा झोक दाखवायचा असेल, तर वरच्या दोन कोपऱ्यांसाठी जाडी ३ ऐवजी, उदाहरणार्थ, ४ सेंटीमीटर धरून चेहऱ्याच्या व सावलीच्या कोपऱ्यांची तीच आकडेमोड पुन्हा करावी.